कागदावरची पाळी आणि मशीनवरचा माणूस

कारखान्याची तपासणी म्हटली की साहेब केबिनमध्ये बसलेत, चहा आलाय आणि टेबलावर रजिस्टरांची चळत लागलीय, असं चित्र बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे येतं. मुरलेला इन्स्पेक्टर मात्र गेटमधून आत आला की आधी मशीनकडे जातो. चार-पाच कामगारांना नाव विचारतो, किती वाजता आलात, कधी सुटणार, कंपनीचे की ठेकेदाराचे एवढीच चौकशी करतो, वहीत वेळ टिपतो आणि मग टाइम ऑफिसकडे वळतो. या क्रमाला कारण आहे. रजिस्टर नीटनेटकं करायला दहा मिनिटं पुरतात. मशीनवर उभा असलेला माणूस मात्र दहा मिनिटांत कागदाशी जुळवता येत नाही.

कारखाने अधिनियम, १९४८ आणि त्याखालचे राज्यांचे नियम कारखान्याच्या भोगवटादाराला बरीच कागदपत्रं सांभाळायला लावतात. काही रजिस्टरं कारखान्यातच ठेवायची असतात. काही सूचना भिंतीवर लावायच्या, तर काही सरकारी कार्यालयाला कळवायच्या असतात. आणि ठरावीक काळानं विवरणपत्रं, म्हणजे रिटर्न, भरायची असतात. औद्योगिक सुरक्षा पदविकेचे किंवा कामगार कायद्याच्या अभ्यासक्रमाचे विद्यार्थी ही यादी नमुना क्रमांकासकट पाठ करतात. पाठ करणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो नोकरीसाठी राज्य बदलल्यावर, कारण नमुन्यांचे क्रमांक राज्यागणिक वेगळे आहेत. महाराष्ट्रात १९६३ चे नियम, गुजरातेत दुसरे, गोव्यात तिसरे. कलमं तेवढी सगळीकडे सारखी. म्हणून या लेखात नमुन्यांचे क्रमांक न देता कलमं दिली आहेत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्रानं चार कामगार संहिता लागू केल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही १९४८ च्या अधिनियमाची जागा घेते. तिच्या ३३व्या कलमात रजिस्टरं, दर्शनी सूचना, वेतनचिठ्ठी आणि विवरणपत्रं यांची तरतूद आहे आणि ती संगणकावर ठेवायलाही मोकळीक आहे. तरी सांगाडा जुनाच आहे. कोण काम करतं, कधी करतं, त्याला रजा किती, अपघात कधी झाला, हेच प्रश्न तिथेही आहेत. कारखान्यांच्या कपाटांतली रजिस्टरं आणि आजवरच्या प्रश्नपत्रिका १९४८ च्या चौकटीतल्या असल्यानं पुढचं सगळं विवेचन त्या अधिनियमाच्या भाषेत आहे. नियम माहीत असणं आणि नियमाला जबाबदार कोण हे माहीत असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून सुरुवात जबाबदार माणसापासून.

कारखान्याच्या कारभारावर ज्याचं अंतिम नियंत्रण, तो भोगवटादार. कारखान्यात त्याला सर्रास ‘ऑक्युपायर’च म्हणतात. एकेकाळी कंपन्या एखाद्या वर्क्स मॅनेजरला भोगवटादार म्हणून पुढे करत आणि संचालक मंडळ नामानिराळं राहत असे. १९८७ च्या दुरुस्तीनं ती वाट बुजवली. कंपनी असेल तर संचालकांपैकीच कोणीतरी एक भोगवटादार मानला जाईल, असं कलम २ मध्ये आलं. जे. के. इंडस्ट्रीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली ही तरतूद वैध ठरवली आणि संचालक नसलेल्या अधिकाऱ्याला भोगवटादार नेमता येणार नाही, हे स्पष्ट केलं. त्यामुळे टाइमकीपरनं रजिस्टर अर्धवट ठेवलं, तरी ९२व्या कलमाखाली दोषी ठरतात ते भोगवटादार आणि व्यवस्थापक, दोघेही. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी ती सर्वसाधारण शिक्षा आहे.

आता एक कारखाना डोळ्यांपुढे आणू. भोसरीत वाहनांचे पत्र्याचे सुटे भाग बनतात. कंपनीचे स्वतःचे कामगार आहेत, शिवाय ठेकेदाराची माणसं आहेत. पहिली पाळी सकाळी ७ ते दुपारी ३.३०, मध्ये ११ ते ११.३० सुट्टी. दुसरी पाळी ३.३० ते रात्री १२, मध्ये ७.३० ते ८ सुट्टी. भोसरी पट्ट्यातल्या पुष्कळ कारखान्यांसारखी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. एका मंगळवारी दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी इन्स्पेक्टर प्रेस शॉपमध्ये येतो.

चार नंबरच्या प्रेसवर एक जण काम करतोय. तो सांगतो, सकाळी सातला आलो. सहा नंबरवर दुसरा एक तरुण आहे. तो म्हणतो, ठेकेदाराकडून कालच लागलो.

इन्स्पेक्टर टाइम ऑफिसात येऊन पहिली मागतो ती कामाच्या वेळांची नोटीस. कलम ६१ प्रमाणे ही नोटीस मुख्य प्रवेशद्वारापाशी लावलेली असावी लागते आणि तिच्यात प्रौढ कामगारांना कोणत्या दिवशी कोणत्या वेळात काम करायला लावता येईल, हे आधीच ठरवून लिहिलेलं असतं. काम सुरू होण्याआधी तिच्या दोन प्रती इन्स्पेक्टरकडे गेलेल्या असायला हव्यात. पाळीची वेळ बदलायची असेल तर बदल करण्याआधी पुन्हा दोन प्रतींत कळवायचं. आणि आधीच्या बदलाला एक आठवडा झाला नसेल, तर इन्स्पेक्टरच्या पूर्वमंजुरीशिवाय पुढचा बदल करता येत नाही. या आठवड्यामागे साधा हिशेब आहे. रोज नोटीस बदलायची मुभा असती, तर इन्स्पेक्टर ज्या वेळेला येईल ती वेळ नोटिशीत बसवता आली असती.

मग येतं प्रौढ कामगारांचं रजिस्टर, कलम ६२. यात कामगाराचं नाव, कामाचं स्वरूप, तो कोणत्या गटात, कोणत्या पाळीत, हे लिहिलेलं असतं. कामाच्या वेळात किंवा कारखान्यात कोणतंही काम चालू असताना ते इन्स्पेक्टरला तिथल्या तिथे मिळायला हवं. ‘हेड ऑफिसला आहे’, ‘ऑडिटरनं नेलंय’ ही उत्तरं चालत नाहीत. मागितलेलं रजिस्टर हजर न करणं हा कलम ९५ खाली वेगळा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. याच ६२व्या कलमात नंतर एक छोटं पोटकलम घातलं गेलं. त्याचा अर्थ असा की ज्याचं नाव आणि तपशील रजिस्टरात चढलेला नाही, अशा प्रौढ कामगाराला कामावर घ्यायचंच नाही. नाव आधी चढलं पाहिजे, काम त्यानंतर.

या दोन कागदांना जोडणारं कलम ६३. नोटिशीप्रमाणे आणि रजिस्टरात त्या कामगाराच्या नावापुढे आधी केलेल्या नोंदीप्रमाणेच त्याला काम करू द्यायचं. ‘आधी’ हा शब्द वाचताना बरेच जण सहज ओलांडून जातात. संध्याकाळी बसून दिवसाची नोंद पूर्ण करणारा टाइमकीपर ६३व्या कलमाच्या उलट दिशेनं काम करत असतो.

आता चार नंबरच्या प्रेसवरच्या माणसाकडे वळू. रजिस्टरात तो पहिल्या पाळीत आहे. म्हणजे साडेतीनला सुटायला हवा होता. टाइम ऑफिस म्हणतं, दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर आला नाही म्हणून याला थांबवलं, ओटी देणार आहोत. हिशेब करून पाहू. सात ते साडेतीन यात सुट्टी वजा जाता आठ तास काम झालं. पुढची चाळीस मिनिटं धरली तर ८ तास ४० मिनिटं. दिवसाची मर्यादा नऊ तासांची, म्हणून दिवसाच्या मोजणीत त्यानं अजून ती ओलांडलेली नाही. सुट्ट्या धरून कामाचा एकूण पसारा साडेदहा तासांच्या आत ठेवायचा असतो. तो ९ तास १० मिनिटं आहे, म्हणजे तोही ठीक. मग चूक कुठे आहे? चूक ६३व्या कलमात आहे, कारण ३.३० नंतर हा माणूस ना नोटिशीत ना रजिस्टरात. शिवाय आठवड्याचे सहा दिवस आठ-आठ तास भरले की ४८ पूर्ण होतात, म्हणजे ही चाळीस मिनिटं आठवड्याच्या मर्यादेबाहेर जातील आणि ५९व्या कलमानं त्यांचा दुप्पट दरानं पगार द्यावा लागेल. ओव्हरटाइम घेणं कायद्याला नामंजूर नाही. त्यासाठी ६४ किंवा ६५व्या कलमाखालची सूट हवी आणि ओव्हरटाइमच्या रजिस्टरात नोंद हवी.

हाच माणूस रात्री बारापर्यंत थांबला, कारखान्याच्या भाषेत त्यानं ‘डबल मारली’, तर मामला फार बदलतो. सात ते बारा म्हणजे सतरा तासांचा पसारा आणि मधल्या सुट्ट्या वजा करून सोळा तासांच्या आसपास काम. कामाच्या अपवादात्मक ताणासाठी दिल्या जाणाऱ्या ६५व्या कलमाच्या सुटीतही अधिनियमानं दिवसाचं काम बारा तासांवर आणि पसारा तेरा तासांवर रोखला होता. म्हणजे डबल मारणं कोणत्याच सुटीत बसत नाही. म्हणूनच ती मस्टरवर सहसा दिसत नाही. ती दिसते दुसऱ्या एखाद्या तारखेची जादा हजेरी म्हणून, किंवा पगारपत्रकात ‘इन्सेन्टिव्ह’ या नावानं. ज्या महिन्यात एखाद्याच्या हजेऱ्या पाळीइतक्याच आहेत पण उत्पादनाच्या चिठ्ठीवर त्याच्या नावानं दोन पाळ्यांचे नग आहेत, तिथे ही गोष्ट उघडी पडते. रजिस्टर सांभाळणारे बहुधा उत्पादनाच्या चिठ्ठ्यांचा विचार करत नाहीत. इन्स्पेक्टर करतो.

सहा नंबरवरचा तरुण रजिस्टरात मुळीच नाही. टाइम ऑफिसचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं, ‘तो आमचा नाही, ठेकेदाराचा आहे.’ दुसरं उत्तर, ‘तो फक्त बघायला आला होता.’ पहिल्याला उत्तर आहे कामगाराच्या व्याख्येत. ठेकेदारासकट कोणत्याही एजन्सीमार्फत लावलेला माणूस कारखान्याचा कामगारच, मुख्य मालकाला त्याची माहिती असो वा नसो. दुसऱ्याला उत्तर आहे कलम १०३ मध्ये. जेवणाच्या किंवा विश्रांतीच्या वेळेखेरीज, काम चालू असताना किंवा यंत्र फिरत असताना जो कारखान्यात आढळेल, तो उलट सिद्ध होईपर्यंत तिथेच कामाला आहे असं मानलं जातं. सव्वाचारला दुसऱ्या पाळीची सुट्टी नव्हती. तेव्हा तो कामगार नव्हता, हे सिद्ध करायची जबाबदारी कारखान्यावर येते. या एकाच माणसामुळे ६२व्या कलमाचा भंग झाला आणि मग पगार, रजा, विमा यांची सगळी रजिस्टरं संशयाखाली आली.

इन्स्पेक्टर जाताना भिंत पाहतो. कलम १०८ प्रमाणे अधिनियमाचा आणि नियमांचा गोषवारा, इन्स्पेक्टरचं आणि प्रमाणन शल्यचिकित्सकाचं नाव-पत्ता, हे सगळं मुख्य दारापाशी, ठळक आणि सोयीच्या जागी, स्वच्छ आणि वाचता येईल असं लावायचं असतं. भाषा दोन, इंग्रजी आणि बहुसंख्य कामगारांना समजणारी. पुण्याच्या पट्ट्यात इथे गंमत होते. फलक छापून घेतलेला असतो मराठी-इंग्रजी आणि आत बहुसंख्य कामगार हिंदी पट्ट्यातले असतात. ठेकेदाराची माणसं ‘आपली’ धरलीच नाहीत, तर बहुसंख्य कोण हेही चुकीचं मोजलं जातं. काचेच्या चौकटीत उन्हानं पिवळा पडलेला गोषवारा तर राज्यभर पाहायला मिळतो.

अपघाताच्या सूचनेत होणारी चूक हजेरीपटाच्या सवयीतून येते. कलम ८८ म्हणतं, अपघातानं मृत्यू आला किंवा जखमी झालेला कामगार अपघातानंतर लगेच ४८ तास किंवा जास्त काळ काम करू शकला नाही, तर व्यवस्थापकानं सूचना द्यायची. आपल्या कारखान्यात बुधवारी दुपारी २.२० ला एकाचं बोट डायखाली आलं. टाके पडले. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी. शुक्रवारी तो आला नाही. शनिवारी सकाळी सातला हाताला पट्टी बांधून कामावर हजर. मस्टर पाहिलं तर एकच गैरहजेरी दिसते, शुक्रवारची. सुपरवायझर म्हणतो, एकच पाळी गेली, आठ तास, कळवायची गरज नाही.

कलमात पाळ्यांचा हिशेब नाही, घड्याळाच्या तासांचा आहे. बुधवार २.२० पासून शुक्रवार २.२० पर्यंत ४८ तास पूर्ण झाले आणि त्या सगळ्या वेळात तो काम करू शकत नव्हता. सुट्टीचा दिवस मध्ये आला म्हणून घड्याळ थांबत नाही. राज्यांच्या नियमांत सर्वसाधारणपणे ४८ तास संपल्यापासून २४ तासांत लेखी सूचना मागितलेली असते. म्हणजे मुदत शनिवार दुपारी २.२० पर्यंत. शनिवारी सकाळी तो हजर झाला म्हणून ती टळत नाही. मृत्यू किंवा गंभीर दुखापत असेल तर ताबडतोब फोननं किंवा खास माणसाकरवी कळवावं लागतं. मृत्यूच्या सूचनेनंतर संबंधित अधिकाऱ्यानं एका महिन्याच्या आत चौकशी करायची असते. कुणी जखमी झालं नाही तरीही काही घटना कळवायच्या असतात. दाबाखालचं भांडं फुटणं, क्रेन कोसळणं असल्या या धोकादायक घटना, कलम ८८अ. तिसऱ्या अनुसूचीतला व्यवसायजन्य आजार झाला तर कलम ८९.

बोट चेंगरलेल्याला दुसऱ्या दिवशी रिक्षानं आणून ऑफिसात खुर्चीवर बसवायचं आणि मस्टरवर हजेरी लावायची, हा प्रकार सगळ्या औद्योगिक वसाहतींत ऐकायला मिळतो. तो उघडा पडतो दवाखान्याच्या कागदावरून. राज्य कामगार विम्याच्या डॉक्टरनं पाच दिवसांची विश्रांती लिहिलेली असते, आणि कारखान्याचं मस्टर त्याच तारखांना ‘हजर’ म्हणत असतं.

वार्षिक विवरणपत्र हा कागद फार कोणी वाचत नाही, असा समज आहे, आणि तो बऱ्याच अंशी खरा असेल. तरीही ते भरताना जी सरासरी काढायची असते ती पाहण्यासारखी आहे. रोजची सरासरी कामगारसंख्या म्हणजे वर्षातल्या एकूण हजेऱ्या भागिले काम चाललेले दिवस. हजेऱ्यांत कायम, हंगामी, ठेकेदाराचे, सगळे धरायचे. दोन पाळ्यांच्या हजेऱ्या स्वतंत्र मोजायच्या. कारखाना बंद असलेले दिवस भागाकारात धरायचे नाहीत. अर्ध्या पाळीपेक्षा कमी काम केलं असेल तर ती हजेरी सोडून द्यायची, अर्धी किंवा जास्त असेल तर पूर्ण धरायची.

आपला कारखाना वर्षात ३०० दिवस चालला. कंपनीच्या कामगारांच्या हजेऱ्या ५६,४०० आणि ठेकेदाराच्या माणसांच्या २१,६००. नुसते कंपनीचे धरले तर सरासरी १८८. सगळे धरले तर ७८,००० भागिले ३००, म्हणजे २६०. कलम ४६ चा उंबरठा आहे २५० पेक्षा जास्त कामगार, त्यापुढे उपाहारगृहाची सक्ती येते. १८८ लिहिलं की कॅन्टीनचा प्रश्नच उठत नाही. मात्र ठेकेदाराच्या भविष्यनिर्वाह निधीच्या चलनात तीच ७२ माणसं, त्याच पत्त्यावर, त्याच वर्षात नोंदलेली असतात. विवरणपत्रातला आकडा चुकीच्या अज्ञानातून आला की हिशेबीपणानं, हे तपासणाऱ्याला या दोन कागदांतल्या फरकावरून कळतं.

भोगवटादारानं कार्यालयाला द्यायच्या सूचनांत सगळ्यात आधीची कलम ७ ची. जागा कारखाना म्हणून वापरायला घेण्याआधी किमान १५ दिवस मुख्य निरीक्षकाला लेखी कळवायचं. कारखान्याचं नाव, जागा, भोगवटादार, जागेचा मालक, कोणतं उत्पादन, किती अश्वशक्ती, व्यवस्थापक कोण, किती कामगार लागतील, हे सगळं त्यात. वर्षात साधारणतः १८० दिवसांपेक्षा कमी चालणाऱ्या कारखान्यांना दर हंगामात काम पुन्हा सुरू करण्याआधी ३० दिवस कळवावं लागतं. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला हे उदाहरण शोधावं लागत नाही, गाळप हंगाम सगळ्यांनाच माहीत. व्यवस्थापक बदलला तर नव्यानं सूत्रं घेतल्यापासून ७ दिवसांत. आणि मधल्या काळात कुणीच व्यवस्थापक नेमलेला नसेल तर? जो कोणी व्यवस्थापकासारखा वागताना आढळेल तो, आणि तसाही कोणी नसेल तर भोगवटादार स्वतः व्यवस्थापक धरला जातो. खुर्ची रिकामी ठेवून जबाबदारी टाळता येत नाही.

परीक्षेच्या तयारीसाठी काही प्रश्न खाली दिले आहेत. ते या लेखासाठीच रचलेले आहेत, पण पेपरात ज्या बाजूनं विचारतात त्याच बाजूनं.

पहिला प्रश्न : ‘कामाच्या वेळांची नोटीस आणि प्रौढ कामगारांचं रजिस्टर यांचा परस्परसंबंध कलमांसह स्पष्ट करा.’ बहुतेक उत्तरपत्रिकांत ६१ आणि ६२ दोन वेगळ्या परिच्छेदांत येतात आणि ६३ येतच नाही. गुण परस्परसंबंधाला आहेत, म्हणजे मुख्यतः ६३ ला. भोसरीतल्या चार नंबरच्या प्रेससारखं एखादं उदाहरण दिलं की उत्तर पूर्ण होतं.

दुसरा : ‘सोमवारी सकाळी १० वाजता जखमी झालेला कामगार बुधवारी सकाळी ९ वाजता पूर्ववत कामावर आला. कलम ८८ खाली ४८ तासांच्या कारणानं सूचना लागेल का?’ सोमवार १० ते बुधवार ९ म्हणजे ४७ तास. लागणार नाही. मात्र तो खरोखरच आपलं काम करू लागला होता, एवढी अट उत्तरात लिहावी. आणि अपघाताच्या रजिस्टरात या दुखापतीची नोंद करून ठेवावी, हेही.

तिसरा : ‘एका प्रौढ कामगारानं कॅलेंडर वर्षात २५२ दिवस काम केलं. पुढच्या वर्षी त्याच्या रजा रजिस्टरात किती पगारी रजा जमा होईल?’ कलम ७९ प्रमाणे २४० दिवसांची अट पूर्ण झाली. दर २० दिवसांना एक या हिशेबानं १२.६. अर्धा किंवा त्याहून जास्त अपूर्णांक पूर्ण दिवस धरायचा, म्हणून १३ दिवस. २४९ दिवस भरले असते तर १२.४५ येऊन १२ च मिळाले असते. नव्या संहितेत पात्रतेची अट १८० दिवसांवर आली आहे. पेपर कोणत्या कायद्यावर आहे, ते आधी पाहावं.

चौथा प्रश्न छोटा असतो, तरी इथे गुण हटकून जातात : ‘उद्वाहक आणि उचल यंत्रं यांच्या तपासणीची मुदत लिहा.’ लिफ्ट आणि हॉइस्ट, कलम २८, सहा महिन्यांतून एकदा. क्रेन, साखळ्या, दोर, कप्प्या, कलम २९, बारा महिन्यांतून एकदा. दोन्हीकडे तपासणी सक्षम व्यक्तीनं करायची आणि तपशील रजिस्टरात. माणसं वाहून नेणारं यंत्र अधिक वेळा तपासलं जातं, एवढं लक्षात ठेवलं तर आकडे उलटसुलट होत नाहीत.

पाचवा : ‘चालत्या यंत्राची तपासणी किंवा वंगण देण्याचं काम कोण करू शकतो, आणि त्यासाठी कोणती नोंद लागते?’ कलम २२. खास प्रशिक्षण घेतलेला प्रौढ पुरुष कामगार, भोगवटादारानं पुरवलेले घट्ट बसणारे कपडे घालून, आणि ज्याचं नाव त्यासाठीच्या रजिस्टरात आहे असाच. ‘फिटर’ एवढं उत्तर पुरत नाही. फिटरचं नाव त्या रजिस्टरात नसेल तर चालत्या शाफ्टपाशी तो इतर कामगारांसारखाच धरला जातो.

सहावा प्रश्न दीर्घोत्तरी : ‘रजिस्टरात नाव नसलेला माणूस कारखान्यात काम करताना आढळला. भोगवटादाराचे बचाव कोणते आणि ते कितपत टिकतील?’ इथे कामगाराची व्याख्या, ६२ चं पोटकलम आणि १०३ यांचा क्रम लावावा. मग कलम १०१ आणावं. त्या कलमानुसार खरा गुन्हेगार दुसरा आहे असं दाखवून भोगवटादाराला किंवा व्यवस्थापकाला सुटता येतं. पण अट कडक आहे. आपण अंमलबजावणीसाठी योग्य ती दक्षता घेतली होती आणि त्या दुसऱ्यानं आपल्या नकळत, संमतीशिवाय किंवा संगनमताशिवाय गुन्हा केला, ही दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. गेटवर ठेकेदाराच्या माणसांची रोज नोंद होत असेल, नाव चढल्याशिवाय पास मिळत नसेल, तर या बचावाला काही आधार असतो. त्या मंगळवारी सहा नंबरच्या प्रेसवरचा तरुण गेटपासवर आत आला होता का, आणि तो पास कोणी सही करून दिला, हे आधी विचारावं लागेल.